बडोद्यातलं घर, सांतोसच्या बाहेरची बोट: एका लांबलेल्या कॉन्ट्रॅक्टचं प्रकरण

मी स्वतः चीफ इंजिनिअर म्हणून बोटीवरून निवृत्त झालो आणि बडोद्यात परत आलो. पुढचं प्रकरण आमच्या ओळखीतल्या एका घरातलं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. तारखांचा क्रम मात्र तसाच ठेवला, कारण या प्रकरणात सगळं तारखांवर फिरतं.

पार्श्वभूमी

निखिल थर्ड इंजिनिअर, वय एकतीस. क्लास टूचं सर्टिफिकेट हातात होतं आणि सेकंड इंजिनिअरच्या प्रमोशनची वाट पाहत होता. घर दांडिया बाजारात. घरात आई-बाबा, बायको प्राची आणि चार वर्षांची मुलगी चिऊ. प्राची शाळेत शिकवते, सकाळी सव्वाआठला घराबाहेर पडते.

8 जूनला तो सिंगापूरला साइन ऑन झाला, म्हणजे बोटीवर रुजू झाला. बोट बल्क कॅरिअर, म्हणजे धान्यासारखा सुटा माल नेणारी, एकूण एकवीस माणसं. बहुतेक फिलिपिनो, काही युक्रेनी, आणि भारतीय तिघेच: कॅप्टन, एक डेक कॅडेट आणि निखिल. कॅप्टनशी गप्पा मारायला थर्ड इंजिनिअर जात नाही आणि कॅडेट वयाने बारा वर्षांनी लहान. म्हणजे मराठी तर सोडाच, हिंदीत मनातलं बोलायलाही माणूस नव्हता.

करारावर लिहिलं होतं: सहा महिने, एक महिना अधिक-उणे. घरच्यांनी त्यातलं ‘सहा महिने’ तेवढं ऐकलं. आईंनी कॅलेंडरवर 8 डिसेंबरला लाल गोल केला. कराराचा खरा अर्थ असा की 8 नोव्हेंबर ते 8 जानेवारी या दोन महिन्यांत कंपनी सोयीचं बंदर पाहून कधीही उतरवू शकते. तो गोल एका दिवसाभोवती न काढता दोन महिन्यांभोवती काढला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

बडोद्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईत किंवा कोकणातल्या काही गावांत शेजारी कोणीतरी ‘शिपवर’ असतोच. रिलीव्हर, म्हणजे जागा घेणारा बदली माणूस, न आल्याने माणूस अडकतो हे तिथे भाजी निवडता निवडता कळतं. आमच्याकडे समुद्र नाही. इथे इंजिनिअर म्हणजे रिफायनरी, नाहीतर मकरपुऱ्याचा कारखाना. प्राचीला लोक विचारायचे, “डॉलर येतात ना? मग काय, मजा आहे!” त्यावर ती काय बोलणार?

अडचण कशी वाढत गेली

बोटीवर सॅटेलाइट इंटरनेट चांगलं होतं. आमच्या वेळी पंधरा दिवसांनी बंदरात टेलिफोन बूथपुढे रांग लावायचो, त्यामुळे मला सुरुवातीला वाटलं, या पोराला कसली तक्रार? पण त्याची अडचण याच इंटरनेटमधून आली होती.

पहिले दोन महिने तो दिवसातून तीन-तीन वेळा व्हिडिओ कॉल करायचा. चिऊच्या जेवणाच्या वेळी फोन ताटाशेजारी उभा असायचा. कॉल बंद झाला की ती रडायची आणि उरलेलं जेवण तसंच राहायचं. घरातली प्रत्येक कुरबूर त्याच्यापर्यंत थेट पोचत होती: नळाला पाणी नाही, बाबांनी गोळी घेतली नाही, शाळेची फी कोण भरणार. पोचत सगळं होतं, हातून काहीच होत नव्हतं.

त्यात घड्याळं. हे नीट सांगतो, कारण घरच्यांना हे कोणी समजावत नाही. ब्राझीलमधलं सांतोस भारताच्या साडेआठ तास मागे, तर चीन अडीच तास पुढे. सांतोसहून चीनला पोचायला पस्तीस-चाळीस दिवस लागतात, आणि तेवढ्यात बोटीचं घड्याळ एकेक तास करत अकरा वेळा पुढे सरकतं. दर खेपेला बोटीवरचा दिवस एक तासाने लहान होतो आणि तो तास बहुधा झोपेतूनच जातो. म्हणजे बोलायची ठरलेली वेळ तीन-चार दिवसांत चुकीची ठरते.

सांतोसला बोट उभी असताना निखिलचं काम संध्याकाळी पाचला संपायचं, तेव्हा बडोद्यात रात्रीचे दीड वाजलेले असायचे. मग तो घरचे उठेपर्यंत जागायचा. त्याच्या रात्रीच्या दहाला इथे सकाळचे साडेसहा. प्राची डबा भरत असायची, चिऊला अंघोळ घालत असायची आणि फोन कानाला. “तुला माझ्याशी बोलायला वेळच नाही,” हे वाक्य दोघेही एकमेकांना ऐकवत होते. प्राची शाळेत गेली की तो आईशी बोलायचा, मग एकटाच फोनवर काहीबाही बघत पडायचा. झोपायला एक-दीड वाजायचा. शिवाय दर तिसऱ्या रात्री ड्युटी. रात्री इंजिन रूममध्ये माणूस नसतो, अलार्म वाजतो तो ड्युटीवाल्याच्या केबिनमध्ये, आणि वाजला की खाली उतरावंच लागतं.

लपवलेली बातमी

16 ऑक्टोबरला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. बोट तेव्हा चीनहून रिकामी परत निघालेली, हिंदी महासागराच्या वाटेवर. पुढचं बंदर तीन आठवड्यांहून जास्त दूर. घरात ठरलं, निखिलला सांगायचं नाही. “तो तिथून काय करणार? उगाच घोर लागेल.” ठरवलं आईंनी, प्राचीने मान डोलावली.

पाच दिवस सगळे कॉलवर हसत होते. बाबा ‘झोपलेत’, बाबा ‘देवळात गेलेत’. सहाव्या दिवशी एका चुलतभावाने नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘काका आता कसे आहेत?’ असं टाकलं. त्या ग्रुपमध्ये निखिल होता.

तिथून पुढे त्याने कुठलीच बातमी खरी मानली नाही. चिऊला सर्दी झाली म्हटलं की ‘फक्त सर्दीच ना?’ आईंचा आवाज बसला की ‘खरं सांग’. दिवसाचे कॉल तीनवरून सहावर गेले. इंजिन कंट्रोल रूममध्येही फोन खिशात राहायला लागला. दुसरीकडे तो मेसमध्ये जेवायला जायचा बंद झाला. ताट केबिनमध्ये न्यायचा, कधीकधी तसंच परत आणायचा.

10 नोव्हेंबरला बोट सांतोसच्या बाहेर नांगरली. 16 तारखेला निखिल जनरेटरच्या ल्यूब ऑइलचा फिल्टर बदलत होता. या फिल्टरला दोन बाजू असतात. एक साफ करायची, तिच्यात तेल भरून हवा काढून टाकायची आणि मगच तिच्यावर चेंजओव्हर करायचा. त्याने हवा न काढताच हँडल फिरवलं. तेलाचा दाब पडला, जनरेटर ट्रिप झाला, बोटीवर अंधार. स्टँडबाय जनरेटर आपोआप सुरू झाला आणि बोट नांगरावर असल्याने काही बिघडलं नाही. हेच अरुंद कालव्यात झालं असतं तर वेगळी गोष्ट लिहावी लागली असती.

त्यांचा चीफ युक्रेनी होता, बोलायला तुटक. त्याने आरडाओरडा केला नाही. विश्रांतीच्या तासांचा तक्ता उघडून समोर ठेवला. नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आणि निखिलच्या रकान्यात ते दहा तास व्यवस्थित भरलेले. चीफने विचारलं, “यातले झोपतोस किती?” निखिल म्हणाला, “चार, कधी पाच.” कागदाला विश्रांती कळते, झोप कळत नाही. कुठलाही सर्वेअर हा तक्ता पाहून ‘ठीक आहे’ म्हणूनच पुढे गेला असता.

दोन दिवसांनी प्राची माझ्याकडे आली. “काका, तो आता भांडतही नाही. फक्त ‘हं’ म्हणतो.” भांडण थांबल्याची काळजी तिला वाटली, हे तिचं शहाणपण.

आधी पाहिलेली गोष्ट: ही घरची ओढ की आजार?

पर्यायांकडे वळण्याआधी मी तिला काही प्रश्न विचारायला लावले, आडून नाही, सरळ. झोप लागत नाही की तू लागू देत नाहीस? जेवण नकोसं झालंय की मेसमध्ये जायचा कंटाळा आहे? काम करताना काही काळ तरी मन लागतं का? आणि शेवटचा, जो विचारायला तिची जीभ रेटेना: जगू नये असं वाटतं का?

त्याने शेवटच्याला लगेच ‘नाही’ म्हटलं आणि थोडा चिडलाही. उरलेल्यांची उत्तरं थकव्याकडे आणि रागाकडे बोट दाखवणारी होती. उत्तर गुळमुळीत आलं असतं, किंवा तो ‘तुम्हाला माझा भारच आहे’ असं बोलू लागला असता, वस्तू वाटायला लागला असता, तर पुढचं काहीही न करता आम्ही त्याच दिवशी कंपनीला फोन करून कॅप्टनला कळवलं असतं. बोटीवर डॉक्टर नसतो, पण कॅप्टन रेडिओवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतो आणि माणसाला एकटं ठेवत नाहीत. खलाशांसाठी ‘सीफेअरर हेल्प’ नावाची चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे, तिचा नंबर त्याच्याकडे असल्याची खात्री केली. प्राचीला सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा नंबर दिला. तिने तो एकदा स्वतःसाठी वापरला, हे मला बऱ्याच नंतर कळलं.

समोर असलेले पर्याय

पहिला, सांतोसला लगेच उतरून घरी येणं. आईंना हेच हवं होतं. पाच महिने झाले होते, म्हणजे करारातली ‘उणे एक महिना’ची मुदत सुरू झालेली. पण कंपनीने ठरलेल्या मुदतीत उतरवणं वेगळं आणि आपणहून मध्येच सोडणं वेगळं. आपणहून सोडलं तर तिकिटाचा खर्च कोणाचा, हे करारात बघावं लागतं, आणि बहुतेक वेळा तो खलाशाच्या पगारातून जातो. शिवाय बाबा आता घरात हिंडत-फिरत होते. ज्या कारणासाठी यायचं ते कारण महिनाभर जुनं झालं होतं.

दुसरा, कॉल एकदम बंद करणं. हा निखिलचाच विचार होता: फोन कपाटात टाकतो, महिनाभर बघत नाही. मी याला ठाम नाही म्हटलं. ज्याचा घरच्या बातमीवर विश्वासच उरलेला नाही, त्याला बातमीच मिळाली नाही तर तो वाईटच धरून चालतो.

तिसरा, समुद्र कायमचा सोडून दहेज-हजिऱ्याकडच्या एखाद्या प्लांटमध्ये मेंटेनन्सची नोकरी. वाईट विचार नव्हता. पण चार तास झोपलेल्या माणसाने असा निर्णय बोटीवरून घेऊ नये, एवढं म्हणून तो बाजूला ठेवला.

चौथा, आहे तिथे राहून बोलण्याची पद्धत बदलणं, आणि 8 डिसेंबरला सांतोसलाच उतरवण्याची लेखी विनंती कॅप्टनकडून कंपनीला आत्ताच पाठवणं. याचे दोन भाग होते. निखिलने पहिला केला. दुसऱ्याबद्दल कंपनीत बोटींवर माणसं नेमणाऱ्या क्रूइंगवाल्याशी फोनवर बोलला आणि ‘बघतो’ ऐकून गप्प बसला. ते आम्हाला नंतर महागात पडलं.

काय केलं

सगळ्यात आधी कॉल हलवला. सांतोसला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सव्वाबारा वाजता फोन करायचा, तेव्हा बडोद्यात पावणेनऊ. चिऊचं जेवण झालेलं, प्राची मोकळी. पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. रविवारी बोटीवर काम कमी असतं, तेव्हा तिथल्या सकाळी दहाला लांब कॉल. इथे संध्याकाळचे साडेसहा. बोट पूर्वेकडे निघाल्यावर घड्याळ बदललं की निखिलने फक्त एक आकडा पाठवायचा: आता आपल्यात किती तासांचं अंतर. प्राचीने तो फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा. मॉरिशसच्या आसपास अंतर दीड तासाचं होतं, तेव्हा कॉल आपोआप त्याच्या संध्याकाळी सातवर आला. झोपेच्या वेळेत एकही कॉल नाही. मोठा बदल म्हणाल तर हा एवढाच.

रोजच्यासाठी आवाजी निरोप. दोन मिनिटांचा, आणि त्याला उत्तर अपेक्षित नाही. गंमत अशी की निरोपात माणूस वेगळं बोलतो. कॉलवर प्राची ‘सगळं ठीक’ म्हणायची. निरोपात तिने खंडेराव मार्केटातल्या भाजीवालीशी झालेली घासाघीस अख्खी सांगितली. निखिलने ती केबिनमध्ये तीनदा ऐकली म्हणे. चिऊसाठी तो झोपताना ऐकायच्या गोष्टी रेकॉर्ड करायला लागला. त्यातल्या सशाला तो दर वेळी वेगळं नाव द्यायचा आणि ती चूक काढायची. जेवताना फोन मात्र बंद झाला तो झालाच. पहिले तीन-चार दिवस चिऊने घर डोक्यावर घेतलं, मग विसरली.

वाईट बातमीचा नियम ठरवताना सगळ्यात जास्त वाद झाला. आई म्हणाल्या, “लेकराला समुद्रात कशाला त्रास?” बाबांनीच तो मिटवला: “मी मेलो तर तेही ग्रुपवर कळू द्यायचं का त्याला?” मग ठरलं, बातमी त्याच दिवशी आणि फक्त प्राची सांगणार. सांगताना काय झालं, माणूस आत्ता कुठे आहे, सोबत कोण आहे, डॉक्टर काय म्हणाले आणि तुझ्याकडून काय हवं आहे, एवढं सगळं एकाच निरोपात. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. ‘तुझ्याकडून काही नको, फक्त माहीत असू दे’ असं स्पष्ट सांगितलं की दूरच्या माणसाचे हात बांधलेले राहत नाहीत. नातेवाइकांच्या ग्रुपमधून तो बाहेर पडला. त्यावर एक आत्या अजून रुसलेली आहे.

घरच्या निर्णयांचंही वाटप झालं. पन्नास हजारांच्या आतला खर्च, शाळा, दवाखाना प्राची ठरवणार आणि रविवारी सांगणार, विचारणार नाही. त्यासाठी खातं दोघांच्या नावावर करायचं होतं. ते काम तो घरी असताना झालं असतं तर एका सहीत झालं असतं. आता तो येईपर्यंत थांबावं लागलं आणि मधल्या काळात तो दर महिन्याला पैसे वळते करत राहिला.

बोटीवरचा बदल चीफने केला. निखिलला फिलिपिनो फिटरबरोबर जनरेटरच्या ओव्हरहॉलला लावलं आणि फोन केबिनमध्ये ठेवायला सांगितला. दिवसभर शेजारी माणूस असेल असं काम दिलं, हे त्या तुटक माणसाचं मोठेपण. फिटरने त्याला शनिवारच्या कॅराओकेला ओढून नेलं. निखिल गात नाही, पण मेसमध्ये जेवायला लागला. मेसमन त्याच्यासाठी मिरची वेगळी ठेवायचा. हल्ली बोटींवरचा स्मोक रूम, म्हणजे गप्पांना बसायची खोली, रिकामाच असतो, जो तो केबिनमध्ये आपापल्या स्क्रीनशी. त्यामुळे एक माणूस दार वाजवणारा निघाला तर फार फरक पडतो.

डिसेंबरची सही

दोन आठवड्यांत झोप सहा तासांवर आली. कॉलवरचं हसू खोटं वाटेनासं झालं. आणि 2 डिसेंबरला कंपनीचा मेल आला: सांतोसला रिलीव्हर जमत नाही, सिंगापूरपर्यंत चाल. बोटीत अजून मका भरायचा होता. निघणार 24 च्या सुमाराला, पुढे महिनाभराचा प्रवास. म्हणजे 8 जानेवारी, कराराची शेवटची तारीख, भर समुद्रात येणार. म्हणून मुदतवाढीच्या कागदावर त्याची सही हवी होती.

इथे त्याचा हक्क पक्का होता. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार, जो 2013 पासून अमलात आहे, मुदत संपली की कंपनीने स्वतःच्या खर्चाने मायदेशी पोचवायचं असतं. मुदतवाढीला संमती लागते. त्याने नकार दिला असता तर कंपनीला सांतोसलाच सोय करावी लागली असती. पण प्रमोशनचा विषय डोक्यात होता, नकार देणाऱ्याचं नाव क्रूइंगच्या ऑफिसात लक्षात राहतं ही भीती होती. त्याने त्याच दिवशी सही केली आणि घरी सांगितलं दहा दिवसांनी, तेही ‘रिलीव्हर मिळत नाहीये’ एवढंच. सहीचं बोललाच नाही.

प्राचीला ते जानेवारीत कळलं, कॅडेटच्या आईकडून. ती मला म्हणाली, “काका, आम्ही पाच दिवस लपवलं म्हणून त्याने महिनाभर आमचा जीव खाल्ला. आता मी काय करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात तिने रविवारचा कॉल घेतला नाही. उत्तरायणाला गच्चीवर सगळं शहर पतंग उडवत होतं आणि ती खाली खोलीत पेपर तपासत बसली होती.

शेवट कसा झाला

27 जानेवारीला तो सिंगापूरला लाँचने उतरला. सात महिने एकोणीस दिवस. चिऊला येण्याची तारीख विमानात बसल्यानंतरच सांगितली. ती त्याच्याकडे धावली नाही, तासभर आजीच्या मागून बघत राहिली आणि मग विचारलं, “सशाचं नाव काय?”

पहिले तीन आठवडे अवघड गेले. तो स्वयंपाकघरातले डबे पुन्हा लावायचा, चिऊच्या झोपण्याच्या वेळा बदलायचा, आणि प्राचीला वाटायचं, मी आठ महिने चालवलेलं घर हा तपासायला आलाय. रात्री तीनला दचकून उठायचा, अलार्म वाजला असं वाटून. हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू जातं. सहीवरून एकदाच पण जोरात भांडण झालं. प्रमोशन मिळालं, पण दुसऱ्या कंपनीत, चार महिन्यांच्या कराराच्या टँकरवर. सही करून ज्यांची मर्जी राखली त्यांनी दिलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

निघण्याआधी करार घरच्यांसमोर बसून वाचायचा आणि कॅलेंडरवर सगळ्यात लांबची तारीख लिहायची. बँकेची कामं तेव्हाच उरकायची. उतरण्याची विनंती महिनाभर आधी, लेखी आणि कॅप्टनमार्फत; फोनवरचं ‘बघतो’ मोजायचं नाही. मुदतवाढीचा कागद आला तर सहीआधी घरी कॉल, मग निर्णय काहीही होवो.

माझीही एक चूक आहे. मी वाईट बातमीचा नियम घरच्यांसाठी बनवला आणि बोटीवरच्या माणसाला तो लागू केलाच नाही. बातमी फक्त घराकडून बोटीकडे जाते असं मी धरून चाललो, बहुधा मी स्वतः तीस वर्षं बोटीच्या बाजूने विचार केल्यामुळे.

नवा करार जुलैत सुरू झाला. फ्रिजवर नवा कागद लागला आहे. वरच्या ओळीत निखिलच्या अक्षरात लिहिलंय: ‘चार महिने, एक अधिक-उणे. म्हणजे पाच.’ त्याखाली प्राचीने लाल पेनाने जोडलंय: ‘सहीआधी फोन.’